अकरा कोटींसाठी चार हजार

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर गेली. त्याच वर्षी ‘डायबेटोलोजिया’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने सांगितले, की राज्यात वीस वर्षे आणि त्यापुढच्या वयाच्या ८.४ टक्के लोकांना मधुमेह आहे. शहरांत हे प्रमाण १०.९ टक्के आणि खेड्यांत ६.५ टक्के निघाले. घरोघर जाऊन, लोकांचे रक्त तपासून काढलेले हे आकडे होते. मात्र त्यासाठी राज्यातून निवडायची माणसे ठरली होती फक्त चार हजार. त्यांतली २,८०० खेड्यांतली आणि १,२०० शहरांतली.

अकरा कोटी माणसांबद्दलचा निष्कर्ष चार हजारांवरून काढणे कोणालाही खटकेल. ‘आमच्या गावात तर कोणी आले नव्हते,’ असे म्हणणारे लाखो लोक असणार आणि त्यांचे म्हणणे खरेच आहे. शंका निघतात त्या दोन. इतकी थोडी माणसे पुरतात कशी? आणि पुरत असतील, तर चार हजारच का, चारशे किंवा चाळीस हजार का नाहीत?

हा अभ्यास ‘आयसीएमआर-इंडियाब’ या नावाने ओळखला जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि चेन्नईची मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन यांनी मिळून तो केला. डॉ. आर. एम. अंजना आणि डॉ. व्ही. मोहन ही त्यामागची प्रमुख नावे. पहिल्या टप्प्यात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड घेतले होते. नमुन्याचा आकार कसा ठरवला हे या संशोधकांनी उघड सांगितले आहे, त्यामुळे तो हिशोब पायरीपायरीने पुन्हा मांडून पाहता येतो. एखाद्या आजाराचे लोकांतले प्रमाण शोधणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सर्वेक्षणाचा हिशोब याच वाटेने जातो.

लोकसंख्या कुठे गेली?

आधी पहिली शंका. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेले लहान आहे की मोठे, हे कोणी विचारत नाही. भात नीट ढवळलेला असला आणि शीत कुठूनही उचलले, की झाले. नमुन्याचेही तसेच आहे. माणसे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कोणाच्याही आवडीनिवडीशिवाय उचलली असतील, तर उत्तर किती पक्के हे मुख्यतः किती माणसे तपासली यावर ठरते. ती एक कोटीतून उचलली की दहा कोटींतून, याने जवळजवळ काही फरक पडत नाही.

लोकसंख्येचा हिशोबात प्रवेश होतो तो ती अगदी लहान असेल तेव्हा. एखाद्या सर्वेक्षणाला २,३०५ माणसे लागणार असतील आणि ज्या गावाबद्दल बोलायचे आहे तिथे प्रौढ माणसेच ३,००० असतील, तर सुमारे १,३०० जणांची तपासणी पुरते, कारण निम्म्याजवळ गाव थेट तपासूनच होते. महाराष्ट्राच्या खेड्यांत मात्र तेव्हा सहा कोटींहून जास्त लोक राहत होते. तिथे हीच सवलत लावून पाहिली, तर एक माणूसही कमी होत नाही.

तेव्हा ‘लोकसंख्येच्या दहा टक्के घ्या’ किंवा ‘एक टक्का पुरे’ असले नियम इथे लागू पडत नाहीत. नमुन्याचा आकार ठरतो तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून. उत्तर खऱ्याच्या किती जवळचे हवे? प्रमाण साधारण किती असेल, याचा आधीचा अंदाज काय? आणि निवडलेल्यांपैकी किती जण हाती लागणार नाहीत?

पहिल्या दोन उत्तरांना जोडणारे सूत्र असे आहे:

n = Z² × p × (1 − p) / d²

यात n म्हणजे तपासायची माणसे, p म्हणजे अपेक्षित प्रमाण आणि d म्हणजे उत्तर खऱ्यापासून इकडेतिकडे किती सरकलेले चालेल ती मर्यादा. Z हा विश्वासाचा आकडा. तो बहुतेक वेळा १.९६ घेतात आणि त्याला ‘९५ टक्के विश्वास’ म्हणतात. याचा अर्थ इतकाच, की असेच सर्वेक्षण शंभर वेळा केले, तर साधारण ९५ वेळा सर्वेक्षणाने सांगितलेल्या पट्ट्यात खरे प्रमाण सापडेल. उरलेल्या पाच वेळा निव्वळ योगायोगाने ते पट्ट्याबाहेर राहील.

किती जवळचे उत्तर हवे?

सूत्रात d खाली आहे आणि त्याचा वर्ग आहे. सर्वेक्षणाचे सगळे अंदाजपत्रक इथे ठरते. मर्यादा निम्मी केली की माणसे दुप्पट लागत नाहीत, चौपट लागतात. म्हणूनच ‘शक्य तितके अचूक’ ही मागणी संख्याशास्त्रज्ञापुढे ठेवून काही उपयोग नसतो. तो उलट विचारतो, की या आकड्यावरून तुम्ही पुढे काय ठरवणार आहात? कारण त्या निर्णयाला जेवढी अचूकता लागते, तेवढ्याच अचूकतेचे पैसे मोजायचे असतात.

लसीकरणाचे उदाहरण पाहता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत वापरलेल्या जुन्या पद्धतीत ३० वस्त्या आणि प्रत्येक वस्तीत ७ मुले, अशी एकूण २१० मुले घेत. तिथे दहा टक्के अंक इकडेतिकडे झाले तरी चालणार होते. ६० टक्के मुलांना लस मिळाली की ७०, कार्यक्रमाला जोर लावायचा आहे हे दोन्हीकडून कळतच होते. अपेक्षित प्रमाण ५० टक्के आणि मर्यादा १० टक्के अंक धरली, की सूत्र ९६ हा आकडा देते. मुले एकाच वस्तीतून गटाने घेतली जातात म्हणून तो दुप्पट केला, म्हणजे १९२ झाले. तीस वस्त्यांत सारखी वाटणी व्हावी म्हणून ते २१०वर नेले.

हीच दहा अंकांची मर्यादा खेड्यांतल्या मधुमेहाला लावून चालणार नव्हती. तिथे अपेक्षित प्रमाणच ४ टक्के होते. ‘चार टक्के, दहा इकडेतिकडे’ या उत्तरातून काहीच हाती येत नाही. म्हणून इंडियाबच्या संशोधकांनी मर्यादा प्रमाणाच्या तुलनेत ठरवली. प्रमाण जे असेल त्याच्या एक पंचमांशापर्यंत, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत सरकलेले चालेल, असे त्यांनी धरले. खेड्यांसाठी ४ टक्क्यांचा एक पंचमांश ०.८. उत्तर ३.२ ते ४.८ या पट्ट्यात यायला हवे. शहरांसाठी अंदाज १० टक्क्यांचा होता. त्याचा एक पंचमांश २, म्हणून पट्टा ८ ते १२.

आता सूत्रात आकडे घालता येतात. खेड्यांसाठी p = ०.०४ आणि d = ०.००८. उत्तर येते २,३०५. शहरांसाठी p = ०.१० आणि d = ०.०२. उत्तर येते ८६५.

शहरांत आजार जास्त, पण माणसे कमी लागतात, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला उलटे वाटते. कारण साधे आहे. शंभरात चारच रुग्ण असतील, तर पुरेसे रुग्ण हाती यायला पुष्कळ माणसे तपासावी लागतात. २,३०५ जणांत साधारण ९२ रुग्ण मिळतील आणि ८६५ जणांत साधारण ८६. दोन्हीकडे रुग्ण जवळजवळ सारखेच. या प्रकारच्या अचूकतेचे खरे चलन तपासलेली माणसे हे नसून सापडलेले रुग्ण हे आहे.

जे शोधायचे तेच आधी सांगा

दुसरा प्रश्न नवख्याला कोड्यात टाकतो. प्रमाण शोधण्यासाठी सर्वेक्षण करायचे आणि सर्वेक्षणाची तयारी करताना तेच प्रमाण विचारायचे! पण इथे नेमके उत्तर नको असते. शंभरात चार की शंभरात चाळीस, एवढी जाण पुरते. ती बहुधा आधीच्या अभ्यासांतून मिळते.

मात्र आधीचा अभ्यास निवडताना एक गोष्ट काटेकोरपणे पाहावी लागते. तिथे आजार मोजला कसा होता? ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असे नुसते विचारून मिळालेले प्रमाण आणि रक्त तपासून मिळालेले प्रमाण यांत मोठे अंतर असते, कारण अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे माहीतच नसते. वयोगटाचेही तसेच. वीस वर्षांपासून पुढचे सगळे घेतलेला अभ्यास आणि फक्त चाळिशीपुढचे घेतलेला अभ्यास यांचे आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

आधीचा अभ्यास नसेल, तर छोटी चाचणी करून प्रमाणाचा अंदाज घ्यावा असे सुचवतात. पन्नास माणसांच्या चाचणीत ४ टक्के प्रमाणाचा आजार शोधला, तर सरासरी दोन रुग्ण मिळतील. प्रत्यक्षात एकही न मिळण्याची किंवा चार-पाच मिळण्याची शक्यताही चांगलीच असते. अशा चाचणीतून एका तपासणीला किती वेळ लागतो, किती लोक नकार देतात हे उत्तम कळते. प्रमाणाचा अंदाज मात्र तिच्यावर टेकवू नये.

मग काहीच माहीत नसेल तर? ‘५० टक्के धरा, त्याने नमुना सर्वांत मोठा येतो, म्हणजे धोका नाही’ हा सल्ला सर्रास दिला जातो. ५० टक्के प्रमाण, ५ अंकांची मर्यादा, उत्तर ३८४ किंवा वर पूर्ण करून ३८५. वैद्यकीय आणि समाजशास्त्राच्या कितीतरी प्रबंधांत हा आकडा दिसतो. सल्ला खरा आहे, पण एका अटीवर. d हा ठरावीक अंकांत बांधलेला असेल, तेव्हाच ५० टक्के सर्वांत सुरक्षित ठरतात. मर्यादा प्रमाणाच्या तुलनेत, म्हणजे इंडियाबसारखी एक पंचमांश धरली, तर सगळे उलटे होते. ५० टक्के प्रमाणाला फक्त ९७ माणसे लागतात आणि ४ टक्के प्रमाणाला २,३०५. ज्याने ५० टक्के धरून ९७ जण तपासले आणि खरे प्रमाण ४ टक्के निघाले, त्याच्या हाती चारच रुग्ण येतील.

याच्याही पुढची चूक आहे. अपेक्षित प्रमाण बरोबर ४ टक्के घ्यायचे, पण मर्यादा सवयीने ५ अंक ठेवायची. सूत्र लगेच ५९ हा लहानसा आकडा देते आणि काम सोपे झाल्यासारखे वाटते. पट्टा मांडून पाहिला की चूक उघडी पडते. चारातून पाच वजा केले तर खालचे टोक शून्याच्या खाली जाते. आजाराचे प्रमाण उणे असूच शकत नाही. d हा p पेक्षा मोठा किंवा त्याच्या जवळपास दिसला, की तो नमुना नाकारायला दुसरे कारण लागत नाही.

अंदाज थोडा चुकला तर काय होते, हेही इंडियाबच्याच निकालांवरून पाहता येते. समजा, प्रत्येक राज्यात खेड्यांतल्या २,२४० जणांची तपासणी पूर्ण झाली. महाराष्ट्राच्या खेड्यांत अपेक्षित ४ टक्क्यांऐवजी ६.५ टक्के निघाले. या संख्येवर पट्टा दोन्हीकडे साधारण एक अंकाचा येतो. प्रमाणाच्या तुलनेत ही चूक १६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ठरवलेल्या २०पेक्षा कमीच. झारखंडच्या खेड्यांत मात्र ३ टक्केच निघाले. तिथे पट्टा ०.७ अंकाचा, दिसायला बारीक, पण ३ टक्क्यांच्या तुलनेत तो २३ टक्क्यांहून जास्त होतो. म्हणून मर्यादा तुलनेत ठरवली असेल, तर अपेक्षित प्रमाण शक्यतेच्या खालच्या टोकाजवळचे धरलेले बरे.

दार बंद, माणूस बाहेर

तिसरा प्रश्न गळतीचा. सूत्र जी संख्या देते ती तपासणी पूर्ण झालेल्या माणसांची असते. यादीतली सगळी माणसे तपासणीपर्यंत पोहोचत नाहीत.

मधुमेहाच्या तपासणीत ही गळती कशी होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. माणसाने रात्रभर उपाशी राहायचे. सकाळी बोटाला टोचून रक्त द्यायचे. मग ८२.५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी प्यायचे, दोन तास थांबायचे आणि पुन्हा टोचून घ्यायचे. आधीपासून मधुमेह आहे हे माहीत असलेल्यांना फक्त उपाशीपोटीची तपासणी करावी लागते. बाकीच्यांना ही सगळी सकाळ द्यावी लागते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हे दोन तास म्हणजे बुडालेली मजुरी. कोणी चहा पिऊन आलेला असतो, कोणी सुई पाहून परत जातो. कोणाच्या घराला कुलूपच असते.

इंडियाबने २० टक्के गळती धरली. आता ती हिशोबात कशी घालायची? सर्वांत सोपी वाटणारी रीत म्हणजे संख्येत २० टक्के मिळवणे. २,३०५ गुणिले १.२ बरोबर २,७६६. पण या २,७६६ मधून खरोखर २० टक्के गळले, तर उरतात २,२१३. सुमारे ९२ माणसे कमी पडली. गळती निवडलेल्यांतून होते, म्हणून भागाकार करायला हवा. ज्या संख्येचे ८० टक्के २,३०५ होतात ती संख्या, म्हणजे २,३०५ भागिले ०.८. उत्तर २,८८२.

गळती २० टक्के असेल तर हा फरक किरकोळ आहे. इंडियाबने ठरवलेले २,८०० या दोन उत्तरांच्या मधे बसतात आणि त्यातून २,२४० जण मिळाले, तरी पट्टा ०.८० ऐवजी ०.८१ होतो. शहरांत १,२०० घेतल्यामुळे २० टक्के गळूनही ९६० उरतात, ८६५पेक्षा पुष्कळ जास्त. पण गळती ४० टक्के असेल, तर गुणाकाराने ३,२२७ येतात आणि भागाकाराने ३,८४२. तिथे चुकीची रीत वापरणाऱ्याला सहाशेहून जास्त माणसांचा खड्डा पडतो.

प्रत्यक्षात काय घडले? पहिल्या टप्प्यात चारही ठिकाणी मिळून १६,६०७ जण निवडले गेले. त्यांपैकी १४,२७७ जणांनी, म्हणजे ८६ टक्क्यांनी भाग घेतला. त्यातल्या १३,०५५ जणांनी रक्त दिले. गळती दोन पायऱ्यांत झाली. आधी २,३३० जण निसटले. मग माहिती सांगायला तयार झालेल्यांतलेही १,२२२ जण रक्तापाशी अडले. एकूण गळती २१.४ टक्के, धरलेल्या २० टक्क्यांच्या अगदी जवळ. चारही ठिकाणी हाच आराखडा धरला, तर सूत्राने मागितलेली संख्या १२,६८० होती आणि रक्ताचे नमुने तिच्यापेक्षा जास्त मिळाले. वाढवून धरलेली माणसे कामी आली.

यातून आणखी एक गोष्ट कळते. नुसत्या ‘८६ टक्के प्रतिसाद’ या आकड्यावर विसंबून पुढच्या सर्वेक्षणाचा हिशोब केला, तर तो फसेल. मधुमेहाचे निदान रक्तावर होते, मुलाखतीवर नाही. म्हणून गळती मोजायची ती शेवटच्या, ज्यावर निष्कर्ष उभा आहे त्या पायरीपर्यंत.

संख्या भरली, प्रश्न उरला

नमुना वाढवून धरल्याने अचूकता राखली जाते. जे आले नाहीत ते आलेल्यांसारखेच होते, याची हमी मात्र त्यातून मिळत नाही.

समजा, २,८०० निवडलेल्यांपैकी २,२४० तपासले आणि ६.५ टक्के प्रमाण निघाले. न आलेल्या ५६० जणांत खरे प्रमाण १० टक्के असेल, तर सगळ्या २,८०० जणांचे प्रमाण ७.२ टक्के होते. त्यांच्यात ३ टक्केच असेल, तर ते ५.८वर येते. म्हणजे योगायोगाने येणाऱ्या एका अंकाच्या चुकीखेरीज आणखी पाऊण अंकाची चूक गळतीतून शिरू शकते. शिवाय ही दुसरी चूक सूत्राने दिलेल्या पट्ट्यात दिसतच नाही. नमुना दुप्पट केला, तरी न येणारे तेच लोक असतील तर ती तशीच राहते.

महाराष्ट्रात याचे ठसठशीत उदाहरण ऊसतोडीचे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास जोडपी तोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात तिथे सर्वेक्षण केले, तर कष्टकरी, तरुण वयाची माणसे गावात नसतात. मागे म्हातारी माणसे राहतात आणि मधुमेह वयाबरोबर वाढतो. अशा वेळी कुलूप दिसले की ‘शेजारचे घर घ्या’ असे सर्वेक्षकाला सांगितले, तर ठरलेली संख्या पूर्ण भरेल, कागदावर गळती शून्य दिसेल आणि प्रमाण मात्र फुगलेले निघेल.

म्हणूनच चांगल्या सर्वेक्षणात बदली माणूस घेण्याची मुभा नसते. इंडियाबने प्रत्येक घरातून एकच व्यक्ती घेतली. घरात कोण आहे यावर ती निवड सोडली नाही. घरातल्या प्रौढांची यादी करून ठरलेल्या तक्त्यानुसार व्यक्ती निवडायची, असा नियम होता. या रीतीला ‘किश पद्धत’ म्हणतात. तक्त्यात मुलाचे नाव आले आणि तो शेतात असला, तर घरी बसलेल्या आजोबांना त्याच्या जागी घेता येत नाही. पुन्हा जावे लागते, संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी. गळतीचा खरा इलाज ही दुसरी-तिसरी फेरी आहे. अंदाजपत्रकात वाढीव माणसांबरोबर या फेऱ्यांचाही खर्च धरावा लागतो.

एका गावातली छप्पन्न घरे

सूत्राचे एक गृहीत अजून बाकी आहे. प्रत्येक माणूस सुटा सुटा, राज्यभरातून चिठ्ठी टाकून उचललेला आहे, असे ते धरते. प्रत्यक्षात तसे फिरणे परवडत नाही. इंडियाबमध्ये आधी गावे निवडली आणि प्रत्येक गावात ५६ घरे घेतली. शहरांत प्रत्येक विभागात २४ घरे.

एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात. खाणे, कामाचे स्वरूप, दवाखान्याचे अंतर सारखे. त्यामुळे छप्पन्नावे घर पहिल्या घराइतकी नवी माहिती देत नाही. हे सारखेपण भरून काढण्यासाठी नमुना दीडपट, कधी दुप्पट करतात. लसीकरणाच्या हिशोबात ९६चे १९२ झाले ते यामुळेच. खेड्यांच्या २,३०५ला दीडपट लावली तर ३,४५८ होतात आणि त्यावर गळतीचा भागाकार केला तर ४,३२३. इंडियाबच्या प्रसिद्ध हिशोबात ही वाढ दिसत नाही. म्हणून वर काढलेले पट्टे प्रत्यक्षात थोडे रुंदच समजायला हवेत. गावागावांत आजार किती सारखा आहे, यावर ते किती रुंद हे ठरेल.

जिल्ह्याचा आकडा मागू नये

पुढच्या टप्प्यांतही प्रत्येक राज्यात चार हजारांचाच आराखडा पाळत हा अभ्यास २००८ ते २०२० या काळात देशभर झाला. १,१३,०४३ जणांनी भाग घेतला आणि २०२३ साली एकत्रित निष्कर्ष आले. देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, सर्वांत जास्त गोव्यात २६.४ आणि सर्वांत कमी उत्तर प्रदेशात ४.८. एका राज्यात साधारण ३,२०० जणांची तपासणी झाली असे धरले, तर गोव्याच्या आकड्यात दीड अंक इकडेतिकडे होऊ शकतो आणि उत्तर प्रदेशाच्या आकड्यात पाऊण. पट्टे दुप्पट रुंद धरले, तरी या दोन राज्यांतले अंतर योगायोगाचे ठरत नाही. राज्यांची तुलना करण्यासाठी चार हजार पुरेसे होते.

जिल्ह्यांसाठी मात्र ते पुरत नाहीत. २०११ साली महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. ३,२०० माणसे त्यांत सारखी वाटली, तर एका जिल्ह्याला ९१ येतात. राज्याचे ८.४ टक्के प्रमाण एखाद्या जिल्ह्यात मिळाले, तर पट्टा २.७ ते १४.१ असा पसरतो. शिवाय प्रत्येक जिल्ह्यातून गाव निवडले गेलेच असेल असेही नाही. जिल्ह्याचा आकडा हवा असेल, तर नमुना प्रत्येक जिल्ह्यासाठी स्वतंत्र काढावा लागतो आणि तसे केले, तर राज्याचा खर्च पस्तीस पटींच्या घरात जातो. ज्या पातळीवर बोलायचे ती पातळी सर्वेक्षणापूर्वी ठरवायची असते. नंतर तुकडे करता येत नाहीत.

‘अमुक टक्के लोकांना हा आजार’ अशी बातमी वाचताना वाचकांनी एवढे शोधावे: तपासणी किती जणांची पूर्ण झाली, आकड्यापुढे पट्टा दिला आहे का आणि निवडलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत आले. हे तिन्ही दिले नसेल, तर त्या टक्केवारीवर विसंबू नये. आणि जे स्वतः सर्वेक्षण करणार आहेत, त्यांनी ३८४ हा आकडा उचलण्याआधी आपले p आणि d कागदावर लिहावेत, पट्ट्याची दोन्ही टोके काढावीत आणि गळतीसाठी गुणाकार न करता भागाकार करावा.